न वाजलेल्या अलार्मचा हिशेब

भिवंडीतल्या एका गाडीमालकाने आपल्या ड्रायव्हरांसाठी लिहिलेला संदेश एका ओळखीच्या ड्रायव्हरने मला वाचायला दिला. मालकाचं नाव घेत नाही, कारण असे संदेश आता अनेक ट्रान्सपोर्टमधून निघताहेत आणि सगळ्यांची भाषा जवळपास सारखीच असते. "ड्रायव्हर बंधूंनो, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या सुरक्षेसाठी" अशी सुरुवात. पुढे नियम. गाडी ८० च्या वर गेली की ऑफिसला अलर्ट येईल, एका अलर्टला ५०० रुपये भत्त्यातून कापले जातील. जोरात ब्रेक मारल्याच्या अलर्टला २०० रुपये. डॅशकॅम दोन तोंडांचा आहे, एक रस्त्याकडे आणि एक केबिनकडे. तो चोवीस तास चालू राहील, कोणी झाकला तर १००० रुपये. मशीन खोटं बोलत नाही, म्हणून अलर्टबद्दल तक्रार ऐकली जाणार नाही. फुटेज कंपनीची मालमत्ता आहे, ते कोणाला मिळणार नाही. आणि सगळ्यात खाली एक ओळ: "डिलिव्हरीच्या वेळा आणि अ‍ॅव्हरेजचा बोनस आधीप्रमाणेच राहतील."

माझं भांडण कॅमेऱ्याशी नाही आणि वेगमर्यादेशी तर मुळीच नाही. मालकाची अडचण खरी आहे, हे आधी सांगतो. महामार्गावरच्या कॅमेऱ्याने गाडीचा वेग पकडला की ई-चलान गाडीच्या नंबरावर, म्हणजे मालकाच्या नावावर येतं. अवजड वाहनाच्या अतिवेगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २००० ते ४००० रुपयांचा दंड आहे. अपघात झाला तर विमा, कोर्ट, अडकून पडलेली गाडी, सगळं त्याच्याच अंगावर. त्याने वेग मोजावा, जरूर मोजावा. पण ज्या संदेशात वेगाचे नियम बदलतात आणि पोहोचण्याची वेळ बदलत नाही, तो सुरक्षेचा संदेश नाही. जोखीम मालकाच्या खिशातून काढून ड्रायव्हरच्या खिशात टाकण्याची ती व्यवस्था आहे, आणि हे मी त्याच मालकाच्या एका नेहमीच्या फेरीवरून दाखवतो.

भिवंडीतून माल भरून समृद्धी महामार्गाने नागपूरजवळच्या बुटीबोरीला जायचं. समृद्धी ७०१ किलोमीटरचा. दोन्ही टोकांची जोड धरली की सव्वासातशेच्या आसपास जातं. गाडी संध्याकाळी सातला भरून होते आणि सकाळी सातला बुटीबोरीच्या गेटवर हवी असते. म्हणजे बारा तास. कागदावर हे सोपं दिसतं, कारण ८० ने भागलं की नऊ तास येतात. पण भरलेला ट्रक सलग ८० ने चालत नाही. भिवंडीजवळच्या आमण्यापासून इगतपुरीपर्यंत चढ आहे, तिथे गाडी गिअर खाली घेत घेत रांगते. सपाटीवरही जड माल असेल, समोरून वारा असेल, तर साठ-पासष्ट हाच तिचा खरा वेग. चाकं फिरताहेत तेवढ्या वेळाची सरासरी ६५ धरली, आणि ती उदारपणे धरली आहे, तरी सव्वासातशे किलोमीटरला अकरा तास दहा मिनिटं लागतात. उरली पन्नास मिनिटं. त्यात जेवण, डिझेल, लघवी, टायर बघणं, चहा, आणि डोळा लागत असेल तर तोही.

मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला आहे, तरी आठ तासांची मर्यादा तिथेही कायम आहे. त्या नियमाने ही फेरी दोन ड्रायव्हरांची आहे, किंवा एका ड्रायव्हरची पण मध्ये झोप घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणारी. संदेश पाठवणारे शेठ एकच ड्रायव्हर पाठवतात, आणि तो माणूस दिवसभर गोदामाबाहेर लोडिंगची वाट बघत बसलेला असतो. त्याचा दिवस सातला सुरू होत नाही, सकाळीच सुरू झालेला असतो.

आता बघा, या फेरीत अलार्म वाजतो का? वाजत नाही. गाडी एकदाही ८० च्या वर गेली नाही, जोरात ब्रेक लागला नाही. पहाटे तीन-साडेतीनला, शरीर झोपेची मागणी सगळ्यात जास्त करतं त्या वेळी, सरळ रस्त्यावर, ६८ च्या वेगाने, डोळे उघडे ठेवण्यासाठी माणूस काच खाली करून तोंडावर वारा घेतो आहे; ऑफिसच्या स्क्रीनवर मात्र ही गाडी हिरवी आहे. महिन्याअखेरीस या ड्रायव्हरचं नाव "शून्य अलर्ट" म्हणून ग्रुपवर झळकेल. संदेशातला सगळ्यात धोकादायक भाग हाच आहे की त्याला या रात्रीबद्दल काहीच विचारायचं नाही. इंजिन कधी चालू झालं, कधी थांबलं, सलग किती वेळ चाललं, हे त्याच जीपीएसमध्ये मिनिटामिनिटाने साठवलेलं असतं. सलग पाच तास झाले की ऑफिसला अलर्ट जावा आणि ट्रॅफिक बघणाऱ्या माणसाने फोन करून "गाडी बाजूला लाव" असं सांगावं, ही सोय लावायला नवं यंत्र लागत नाही. ती लावली जात नाही, कारण तो अलर्ट ड्रायव्हरची चूक दाखवणार नाही, वेळापत्रकाची दाखवेल.

यावर मालक म्हणतात, पार्टीला माल वेळेवर लागतो, कायद्यालाही कागद वेळेत लागतात. पार्टीचं खरं असेल. कायद्याचं नाही. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरतात. सव्वासातशे किलोमीटरला चार दिवस मिळतात. बारा तासांची घाई मालक आणि पार्टी यांनी मिळून ठरवलेली आहे. ती त्या दोघांना बदलता येते, ड्रायव्हरला येत नाही.

कलम १८३ बहुतेक मालकांनी अर्धंच वाचलेलं असतं. त्यात वेग मोडणाऱ्या ड्रायव्हरसोबत, आपल्या हाताखालच्या माणसाला तसं चालवायला लावणाराही येतो. आणि त्याच्या चौथ्या पोटकलमात म्हटलं आहे की अमुक वेळात पोहोचा असा आदेश दिला, आणि ती वेळ मर्यादा न मोडता पाळणं शक्य नाही असं कोर्टाला वाटलं, तर तो आदेश हाच आदेश देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. समृद्धीवरून बारा तासांत जाणं वेगाच्या हिशेबाने अशक्य नाही, म्हणून तिथे हे कलम कदाचित लागणार नाही. तिथे मोडतात ते विश्रांतीचे नियम. पण टोल वाचवायला तीच गाडी त्याच वेळेत जुन्या रस्त्याने, धुळे-जळगाव-अकोला-अमरावती करत पाठवली, तर? त्या रस्त्यावर गावं आहेत, चौक आहेत, मालवाहू गाडीला साठची मर्यादा असलेले लांब पट्टे आहेत. "सकाळी ७ ला गेटवर पाहिजेच" हा ट्रॅफिकवाल्याचा मेसेज तिथे जीपीएसच्या आलेखाइतकाच पुरावा आहे. संदेशात ड्रायव्हरला मशीनची भीती घातली आहे. हे पोटकलम मात्र त्यात कुठे नाही.

दुसरी गोष्ट त्या एका आकड्याची. "८० च्या वर अलर्ट" म्हटलं की ८० च्या खाली सगळं ठीक, असा अर्थ ड्रायव्हरच्या आणि ऑफिसच्याही डोक्यात बसतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्याच्या नवले पुलाकडे उतरणारा रस्ता ज्याने अवजड गाडीत बसून पाहिला आहे, तो हे मान्य करणार नाही. तिथली मर्यादा ८० च्या कितीतरी खाली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका टँकरने ४८ गाड्यांना ठोकरलं. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं तेव्हा पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथेच पुन्हा अपघात होऊन आग लागली आणि आठ माणसं गेली. अशा उतारावर ७० ने जाणारी भरलेली गाडी हाताबाहेर गेलेली असते आणि ८० चा अलर्ट तोवर गप्प असतो. गाडीत बसवलेला स्पीड गव्हर्नरही इथे कामाचा नाही, कारण तो इंजिनाचं डिझेल तोडतो, चाकं धरत नाही. उतारावर गाडीला डिझेल लागतच नाही, तिचं वजनच तिला ढकलतं.

आणि नेमकं इथेच संदेशातली शेवटची ओळ पुन्हा आड येते. अ‍ॅव्हरेजचा बोनस आधीप्रमाणेच. उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय ड्रायव्हरला कुठून लागली? लिटरमागे अर्धा किलोमीटर जास्त दाखवला की हातात पैसे येतात म्हणून. शिवाय ही बचत आताच्या गाड्यांत खोटी आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला, की उतारावर डिझेल जवळजवळ पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केली तर उलट इंजिनाला चालू राहायला थोडं डिझेल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाही, इंजिनाची पकड मात्र जाते. मग सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, वास येऊ लागतो, पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही, आणि पुन:पुन्हा दाबल्यामुळे हवेच्या टाकीतला दाब उतरत जातो. जुने ड्रायव्हर नव्या पोराला सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मालकाला सुरक्षेचा एकच नियम लिहायचा असता तर त्याने हा लिहायला हवा होता. घाटाच्या सुरुवातीला आणि शेवटी जीपीएसमध्ये हद्द आखून तिथला अलर्ट ४० वर ठेवता येतो. गाडी चालताना इंजिनाचे फेरे न्यूट्रलइतके खाली गेले तर तेही बऱ्याच यंत्रांत दिसतं. आणि अ‍ॅव्हरेजचा बोनस घाटाच्या मार्गांवर बंद करता येतो. या तीन गोष्टी न करता ८० च्या अलर्टला ५०० रुपये लावणं म्हणजे सपाटीवर ओव्हरटेक करताना आठ सेकंद ८३ ला गेलेल्या माणसाला पकडणं आणि नवलेच्या उतारावर ७० ने निघालेल्याला बक्षीस देणं.

आता "मशीन खोटं बोलत नाही" याकडे येतो. मशीन खोटं बोलत नाही, हे खरं. पण ते चुकतं, आणि चुकलं की कसं ओळखायचं हे ठाऊक असलेला माणूस ऑफिसमध्ये लागतो. समृद्धीवर इगतपुरी ते कसारा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. आत उपग्रहाचा सिग्नल नाही. समजा गाडी २ वाजून १० मिनिटांनी आत गेली, २ वाजून १७ मिनिटांनी बाहेर आली आणि बाहेर पडताच यंत्राने एक नोंद पाठवली: वेग ११८. सिग्नल परत मिळवताना काही यंत्रं पहिल्या एक-दोन नोंदींत जागा चुकवतात आणि वेग उडी मारतो. खरं-खोटं करायला पाच मिनिटं पुरतात. पावणेआठ किलोमीटर सात मिनिटांत, म्हणजे सरासरी ६६. पुढच्या पाच सेकंदांच्या नोंदीत वेग ६४ असेल, तर भरलेला ट्रक पाच सेकंदांत ११८ वरून ६४ वर जोरात ब्रेक न मारता येणार नाही. आणि ब्रेकचा अलर्ट तर आलाच नाही. पुढच्या कॅमेऱ्याच्या चित्रात गाडी शांत चाललेली दिसते. हा अलर्ट खोटा आहे. पण ज्या संदेशात तक्रार ऐकलीच जाणार नाही असं लिहिलं आहे, तिथे या ड्रायव्हरचे ५०० गेले. तसंच सर्व्हिस रोडचं. महामार्गावर चाललेली गाडी नकाशावर शेजारच्या सर्व्हिस रोडवर बसली, की ७० च्या वेगाला चाळीसच्या मर्यादेचा अलर्ट येतो.

याउलट ड्रायव्हर कधीकधी चुकीचं म्हणतात की "माझ्या काट्यावर तर ८० होते, तुम्ही ८४ कसे म्हणता". गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असतो, म्हणून कंपन्या तो थोडा जास्त दाखवणारा बनवतात. काट्यावर ८० असेल तर जीपीएसवर सहसा सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर येतात. एका सुट्या नोंदीऐवजी सलग पंधरा सेकंद ८० च्या वर राहिल्यावरच अलर्ट मोजायचा, असं ठरवलं की ही भांडणं बहुतेक मिटतात आणि जे उरतात ते खरोखर वेग मोडणारे असतात. त्यांच्याशी मालकाने कडक बोलावं, माझी हरकत नाही.

जोरात ब्रेकच्या दोनशे रुपयांबद्दल मला राग येतो. दुचाकी अचानक दुभाजकाच्या फटीतून आडवी आली आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली, तर यंत्र ती चूक म्हणून नोंदवतं. समोरचा कॅमेरा तिथेच आहे. दहा सेकंदांची फीत बघितली की कळतं की हा माणूस पुढच्या गाडीला चिकटून चालला होता म्हणून ब्रेक मारावा लागला, की त्याने कोणाचा तरी जीव वाचवला. फीत न बघता पैसे कापायचे असतील तर ड्रायव्हर एकच गोष्ट शिकेल: ब्रेक उशिरा आणि हळू मारायचा.

आणि हे पैसे कापायचा अधिकार तरी कुठे आहे? पूर्वीचा १९३६ चा वेतन कायदा असो की नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता, दंडाचे नियम तेच आहेत. कोणत्या चुकीला दंड, हे सरकारकडून मंजूर करून, सूचना लावून सांगावं लागतं. दंडाआधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. एका पगाराच्या काळात दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. बावीस हजार पगाराला ६६० रुपये. नोंदवहीत लिहावा लागतो. महिन्यातला वेगाचा दुसरा अलर्टच ही मर्यादा ओलांडतो. शिवाय शेठ पगारातून नाही, भत्त्यातून कापतात, आणि भत्ता हे ड्रायव्हरचं रस्त्यावरचं जेवण आणि पार्किंग आहे. तो कापला की माणूस ढाब्यावर थांबायचं टाळतो. म्हणजे पुन्हा झोपच कापली.

केबिनच्या कॅमेऱ्याबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती? ट्रकची केबिन कामाची जागा आहे, आणि इंजिन थांबल्यावर तीच झोपायची खोली आहे. ड्रायव्हर तिथे कपडे बदलतो, घरी बोलतो, भांडतो, रडतो. "चोवीस तास" लिहिणाऱ्याने या खोलीचा विचार केलेला नाही. इग्निशन बंद झाल्यावर कॅमेरा बंद होईल, असं काही मालक तोंडी सांगतात. तेही पुरत नाही, कारण उन्हाळ्यात एसी चालू ठेवायला इंजिन चालू ठेवूनच ड्रायव्हर झोपतात. गाडी दहा मिनिटं जागेवर उभी असली की आतला कॅमेरा आणि माइक बंद, आणि भिंगावर हाताने सरकवायचं झाकण, एवढं लिहून द्यायला हवं. गाडी चालू असताना आतला कॅमेरा डोळे मिटताना ओळखून लगेच बीप देतो, ते मोलाचं आहे आणि ते राहू द्यावं. पण ती बीप ड्रायव्हरला जागं करण्यासाठी आहे. तिचा दुसऱ्या दिवशी दंड झाला, तर ड्रायव्हर काळा चष्मा घालेल, गमछा ओढेल, कॅमेऱ्याचा कोन फिरवेल, आणि मग ज्या रात्री खरंच डोळा लागेल त्या रात्री ती बीप वाजणार नाही.

शेवटी ते वाक्य, फुटेज कंपनीची मालमत्ता. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातले ड्रायव्हर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध संपावर गेले होते. जीवघेण्या अपघातानंतर न कळवता निघून गेलेल्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ड्रायव्हर म्हणत होते की थांबलो तर जमाव मारतो. केंद्राने त्या पोटकलमाची अंमलबजावणी थांबवली, पण भीती गेलेली नाही. मोठ्या गाडीची चूक धरूनच जमाव जमतो. त्या क्षणी ड्रायव्हरच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असतो, समोरचा कॅमेरा. आणि तो फार काळ बोलत नाही: कार्ड भरलं की जुन्या चित्रणावर नवं चढतं. अपघातानंतर गाडी चालती राहिली किंवा ठाण्याच्या आवारात वीज चालू ठेवून उभी केली, तर ते दृश्य काही दिवसांत पुसलं जाऊ शकतं. लॉगइन मालकाकडे, कार्ड मालकाकडे, आणि ड्रायव्हर कोठडीत. मालकाला विम्याचा दावा वाचवायचा असेल किंवा गाडीचे ब्रेक वेळेवर केलेले नसतील, तर त्याचं आणि ड्रायव्हरचं हित एकच असेल याची खात्री काय? समोरचं चित्रण अपघातानंतर लगेच वेगळं काढून ठेवायचं आणि त्याची प्रत चोवीस तासांत ड्रायव्हरला किंवा त्याच्या घरच्यांना द्यायची, हे लेखी असलं पाहिजे.

त्या मालकाने ड्रायव्हरांना संदेशाखाली "मान्य" असं लिहायला सांगितलं आहे, आणि बहुतेकांनी लिहिलं आहे, कारण न लिहिणाऱ्याला पुढची फेरी मिळणार नाही असं त्यांना वाटतं. ज्यांनी अजून लिहिलं नसेल त्यांना माझी विनंती आहे. "मान्य" लिहिण्याआधी सगळ्यांनी मिळून एवढंच विचारा: शेठ, बुटीबोरीची वेळ किती? सकाळी सात असेल तर दुसरा ड्रायव्हर कोण, आणि दुसरा ड्रायव्हर नसेल तर दुपारी दोन असं पार्टीला तुम्ही कळवलं का?